कुठली टेस्ट लावू? बायोस्टॅटच्या नोट्स उलट्या करून बघितल्या

या भागात तक्ते आहेत, आणि तक्ता कानाने धरून ठेवता येत नाही. त्यामुळे हे नुसतं ट्रान्सक्रिप्ट नाही. बोलताना जे हातवारे करून सांगितलं ते इथे तक्ते घालून लिहिलंय, आणि जे गाळता येईल ते गाळलंय.

माझी मामेबहीण फिजिओथेरपी शिकते. सुट्टीत पुणतांब्याला आली तेव्हा बॅगेत बायोस्टॅटिस्टिक्सची वही होती. वही छान आहे, अक्षर सुंदर, सूत्रांना लाल चौकटी. धडे असे: झेड टेस्ट, मग टी-टेस्ट, मग काय-स्क्वेअर, मग अनोव्हा, आणि शेवटी "नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट" नावाच्या एका धड्यात उरलेलं सगळं कोंबलेलं. मी विचारलं, अडतंय कुठे? ती म्हणाली, "दादा, टेस्टचं नाव सांगितलं की मी गणित करून दाखवते. पण प्रोजेक्टच्या डेटावर नाव लिहिलेलं नसतं ना."

बरोबर आहे तिचं. शब्दकोशात शब्द माहीत असेल तरच अर्थ सापडतो. अर्थ माहीत आहे आणि शब्द हवाय, अशा वेळी शब्दकोश हातात असून उपयोग नाही. वहीची रचना टेस्टच्या नावावरून डेटाकडे जाणारी होती, आणि तिला जायचं होतं डेटाकडून नावाकडे. कोड लिहिणाऱ्यांना ही अडचण रोजची आहे. फंक्शनचं डॉक्युमेंटेशन असतं, पण "माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, मग कुठलं फंक्शन" हे कुठेच नसतं.

म्हणून आम्ही वही उलटी करायला बसलो. पद्धत साधी होती. प्रत्येक धड्यातून फक्त "ही टेस्ट केव्हा वापरतात" एवढीच वाक्यं उचलली, एकेका चिठ्ठीवर लिहिली आणि ओट्यावर पसरली. सूत्रं बाजूला. मग सारख्या अटी असलेल्या चिठ्ठ्या एकत्र केल्या. तेव्हा दिसलं की पंधरा-वीस टेस्टच्या मागे अटी मोजून तीन-चारच आहेत, त्याच फिरून फिरून येतात. प्रत्येक माणसाकडून नक्की काय लिहून घेतलंय? ज्या गटांची तुलना करतोय ती वेगळी माणसं आहेत की तीच माणसं पुन्हा मोजलीत? गट किती? आणि शेवटी, डेटा त्या टेस्टला पुरेसा आहे का?

या प्रश्नांचा क्रम बदलायचा नाही. वहीत "सॅम्पल ३० पेक्षा कमी असेल तर टी" हे पहिल्याच पानावर आहे, त्यामुळे मुलं आधी माणसं मोजतात. पण डेटा "बरा झाला, नाही झाला" असा असेल तर माणसं २० असोत की २०,०००, टी-टेस्टचा संबंधच येत नाही. आधी डेटाचा प्रकार, आकार नंतर.

पहिला प्रश्न: काय लिहून घेतलं?

तीन प्रकार पुरतात. एक, मोजमाप: हिमोग्लोबिन, वजन, गुडघा किती अंशात वाकतो. इथे ९ आणि १० मधलं अंतर ११ आणि १२ मधल्या अंतराएवढंच असतं. दोन, पायऱ्या: दुखणं "नाही, थोडं, बरंच, असह्य". क्रम आहे, पण "थोडं" पासून "बरंच" आणि "बरंच" पासून "असह्य" ही अंतरं सारखी आहेत असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तीन, कप्पे: रक्तगट, लस घेतली की नाही, जगला की मेला.

फसगत होते ती एक्सेलमुळे. रक्तगटाला १, २, ३, ४ असे कोड दिले की ते आकडे दिसतात आणि कोणीतरी त्यांची सरासरी काढतं. "सरासरी रक्तगट २.३". हसू नका, अशी स्लाइड दिसू शकते. ओळखायची खूण म्हणजे सरासरी काढून तिला एकक लावून बघायचं. "सरासरी हिमोग्लोबिन ९.४ ग्रॅम" वाचता येतं. "सरासरी रक्तगट २.३" पुढे काय?

उलट दिशेचा घोटाळाही होतो. वय वर्षांत लिहिलेलं असतं आणि मग "४० च्या वर, ४० च्या खाली" असे दोन कप्पे करून टाकतात, कारण काय-स्क्वेअर येते. ३९ आणि ४१ वेगळे झाले, ४१ आणि ७५ एक झाले. हातात असलेली माहिती स्वतःहून फेकून दिली. मोजमाप मिळालं असेल तर मोजमाप म्हणूनच वापरायचं.

आता एक खरा तक्ता

उदाहरण मुंबईचं आहे, आणि सव्वाशे वर्षांहून जुनं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. त्यानंतरच्या दिवसांचा हिशोब सहसा असा दिला जातो: लस न घेतलेल्या १७२ पैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ मेले. लस घेतलेल्या १४७ पैकी दोघांना प्लेग झाला, मेलं कोणीच नाही. (एकूण आकडे एक-दोनने इकडेतिकडे दिलेले आढळतात. निष्कर्षात त्याने फरक पडत नाही.)

लक्षात घ्या, तेव्हा यातली एकही टेस्ट अस्तित्वात नव्हती. कार्ल पिअर्सनची काय-स्क्वेअर १९०० ची, टी-टेस्ट १९०८ ची, फिशरची टेस्ट १९३० च्या दशकातली. आपण मात्र आज हे आकडे आपल्या चिठ्ठ्यांमधून काढून बघू शकतो.

काय लिहून घेतलं? कप्पे. गट? दोन, वेगळ्या माणसांचे. म्हणजे दोन बाय दोनचा तक्ता, आणि वही म्हणते काय-स्क्वेअर. पण काय-स्क्वेअरला एक अट आहे, आणि तीच वहीत अर्धवट उतरली होती. वहीत होतं: "कुठल्याही खान्यात ५ पेक्षा कमी असेल तर काय-स्क्वेअर लावू नये." कशात ५ पेक्षा कमी? प्रत्यक्ष आकड्यात नाही, अपेक्षित आकड्यात.

आधी आजाराचा तक्ता घेऊ.

| | प्लेग झाला | झाला नाही | एकूण |
|---|---|---|---|
| लस नाही | १२ | १६० | १७२ |
| लस घेतली | २ | १४५ | १४७ |
| एकूण | १४ | ३०५ | ३१९ |

अपेक्षित म्हणजे काय? लसीचा काडीचाही उपयोग नाही असं धरलं, तर १४ आजारी दोन्ही गटांत माणसांच्या प्रमाणात वाटले जायला हवे होते. लस घेतलेल्यांच्या वाट्याला १४ × १४७ ÷ ३१९, म्हणजे साधारण ६.४५. हा तक्त्यातला सगळ्यात लहान अपेक्षित आकडा, आणि तो ५ च्या वर आहे. प्रत्यक्षात तिथे २ आहेत, वहीचा नियम शब्दशः वाचला तर टेस्ट बाद. पण खरी अट पूर्ण होतेय, काय-स्क्वेअर चालते. तिचं उत्तर येतं ५.९६, पी-व्हॅल्यू साधारण ०.०१५.

आता त्याच तुरुंगातला मृत्यूंचा तक्ता.

| | मेले | मेले नाहीत | एकूण |
|---|---|---|---|
| लस नाही | ६ | १६६ | १७२ |
| लस घेतली | ० | १४७ | १४७ |
| एकूण | ६ | ३१३ | ३१९ |

माणसं तीच, गट तेच, डेटाचा प्रकारही तोच. पण अपेक्षित काढा: ६ × १४७ ÷ ३१९ = २.७६. वरच्या खान्यात ३.२४. दोन्ही ५ च्या खाली. इथे काय-स्क्वेअर थांबते आणि फिशरची एक्झॅक्ट टेस्ट येते. मला हे उदाहरण आवडतं ते यासाठीच. "तुरुंगाच्या डेटाला कुठली टेस्ट" या प्रश्नाला एक उत्तर नाही. टेस्ट डेटाला नसते, प्रश्नाला असते.

फिशरची टेस्ट वहीत भल्यामोठ्या फॅक्टोरियलच्या सूत्रात होती आणि बहिणीने ते पान स्टेपल करून टाकलं होतं. खरं तर आतलं गणित चिठ्ठ्यांचं आहे. ३१९ चिठ्ठ्या एका हंड्यात आहेत, १७२ वर "लस नाही", १४७ वर "लस". लसीचा काही संबंध नाही असं धरून, डोळे मिटून सहा चिठ्ठ्या काढायच्या. ते सहा मृत्यू. सहाच्या सहा "लस नाही" निघण्याची शक्यता किती? पहिली निघण्याची १७२/३१९. ती बाजूला ठेवली, दुसरीची १७१/३१८. असं सहा वेळा गुणत जा, शेवटची १६७/३१४. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, करून बघा. उत्तर ०.०२३६.

पण आपण फक्त "लस चांगली" एवढाच प्रश्न विचारत नाही. उलटही होऊ शकलं असतं, सहाच्या सहा लसवाले मेले असते, तर आपण तेवढेच दचकलो असतो. त्याची शक्यता १४७/३१९ पासून सहा वेळा गुणून ०.००९१ येते. जे दिसलं त्याच्याइतकं किंवा त्याहून दुर्मीळ असे हे दोनच निकाल आहेत. बेरीज ०.०३२६, साधारण ०.०३३. ही पी-व्हॅल्यू. कुठलं टेबल बघितलं नाही, कुठला वक्र काढला नाही. "एक्झॅक्ट" म्हणतात ते यासाठी.

नको असताना काय-स्क्वेअर लावली असती तर? हा कोड एपिसोडमध्ये वाचून दाखवला नव्हता, इथे देतो.

```python
from scipy.stats import chi2_contingency, fisher_exact

t = [[6, 166], [0, 147]]
print(chi2_contingency(t, correction=False)[1])  # 0.022
print(chi2_contingency(t)[1])                    # 0.061
print(fisher_exact(t)[1])                        # 0.033
```

एकच तक्ता, तीन उत्तरं. मधलं ०.०६१ का आलं? कारण दोन बाय दोनच्या तक्त्यावर सायपाय न विचारता येट्सची दुरुस्ती लावून टाकतं. ती १९३४ ची युक्ती आहे, लहान आकड्यांवर काय-स्क्वेअर उतावीळपणा करते म्हणून तिला मागे ओढायची. इथे तिने जरा जास्तच मागे ओढलं. आणि ०.०५ ची रेघ नेमकी या तिघांच्या मधून जाते. एक विद्यार्थी "सिग्निफिकंट" लिहील, शेजारचा "नॉट सिग्निफिकंट" लिहील, दोघांच्या हातात एकच डेटा आणि एकच लायब्ररी. वरून दोघंही व्हायव्हात छातीठोकपणे सांगतील की आम्ही काय-स्क्वेअर लावली.

यातून निवड कशी करायची? सगळ्यात लहान आकडा आवडला म्हणून नाही. अपेक्षित आकडे काढायला निकाल लागत नाही, फक्त कडेच्या बेरजा लागतात. म्हणजे पी-व्हॅल्यू न बघताच टेस्ट ठरवता येते, आणि तशीच ठरवायची. आमच्या कागदावर ही पायरी पेनाने अधोरेखित आहे: आधी अपेक्षित, मग टेस्ट, मग पी.

तीच माणसं की वेगळी?

दुसरा प्रश्न सोपा वाटतो आणि सगळ्यात महागात जातो. समजा आमच्या पुणतांब्यातल्या आठ बायकांचं हिमोग्लोबिन मोजलं, तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा मोजलं. आकडे मी बनवलेत, गणित नीट दिसावं म्हणून.

| | आधी | नंतर | फरक |
|---|---|---|---|
| १ | ८.२ | ९.० | ०.८ |
| २ | ९.६ | १०.१ | ०.५ |
| ३ | १०.४ | ११.३ | ०.९ |
| ४ | ८.८ | ९.४ | ०.६ |
| ५ | ११.० | ११.४ | ०.४ |
| ६ | ९.२ | १०.१ | ०.९ |
| ७ | १०.० | १०.३ | ०.३ |
| ८ | ८.० | ८.८ | ०.८ |

आधीची सरासरी ९.४, नंतरची १०.०५. एक्सेलमध्ये दोन कॉलम दिसले की हात आपोआप "दोन गट, टी-टेस्ट" कडे जातो. दोन वेगळ्या गटांची टी-टेस्ट लावली तर टी १.२९ आणि पी साधारण ०.२२. गोळ्यांचा काही उपयोग नाही, असा रिपोर्ट तयार.

आता तक्त्याकडे नुसतं बघा. आठपैकी आठ बायकांचं वाढलंय. एकीचंही कमी नाही झालं. मग टेस्टला दिसत का नाही? कारण तिला सांगितलंच नाही की पहिल्या कॉलममधली ८.२ आणि दुसऱ्या कॉलममधली ९.० ही एकच बाई आहे. तिला दिसतात सोळा अनोळखी बायका, कोणी ८ वर, कोणी ११ वर. बायकाबायकांमधला हा मुळातला फरक इतका मोठा आहे की ०.६५ ची वाढ त्यात बुडून जाते. बाजारात सगळे एकदम बोलत असताना शेजारच्याचं कुजबुजणं ऐकायचा प्रयत्न करा, तसं.

पेअर्ड टी-टेस्ट आधी वजाबाकी करते आणि मग फक्त शेवटच्या कॉलमकडे बघते. फरकांची सरासरी ०.६५, त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२३. आठाच्या वर्गमुळाने भागलं की स्टँडर्ड एरर ०.०८२. ०.६५ भागिले ०.०८२ म्हणजे टी ७.९ च्या आसपास, पी साधारण ०.०००१. ०.२२ कुठे आणि ०.०००१ कुठे.

पण थांबा. हा पी एवढंच सांगतो की वाढ योगायोगाने झालेली नाही. गोळ्यांनीच झाली, असं तो म्हणत नाही. त्या तीन महिन्यांत ऋतू बदलला असेल, खाण्यात फरक पडला असेल. गोळ्या न घेतलेला गट नसेल तर कुठलीही टेस्ट ही उणीव भरून काढणार नाही.

जोडी ओळखायची खूण: एका कॉलममधल्या ओळी मिसळून टाकल्या तर काही बिघडतं का? बिघडत असेल तर जोडी आहे. भायखळ्याच्या दोन गटांत कैद्यांची यादी कशीही फिरवा, फरक नाही. इथे "नंतर"चा कॉलम एक ओळ जरी सरकला तरी सत्यानाश. एकाच पेशंटचा दुखरा आणि चांगला गुडघा, ही पण जोडीच.

"हो, नाही" प्रकारच्या डेटाची जोडी असेल, म्हणजे तीच माणसं आधी आणि नंतर, तर मॅकनेमार टेस्ट. ती फक्त ज्यांचं उत्तर बदललं त्यांच्याकडे बघते. वहीत ती नव्हतीच, तिच्या जागी काय-स्क्वेअर लावतात आणि एकेक माणूस दोनदा मोजला जातो.

पुरेसा आहे का?

मोजमापाच्या डेटाला वही विचारते: नॉर्मल आहे का? दोन गोष्टी सांगतो. पेअर्ड टी-टेस्टमध्ये नॉर्मल असायला हवेत ते फरक, "आधी" आणि "नंतर" नाहीत. आणि आठ आकड्यांवर नॉर्मॅलिटीची टेस्ट लावून ती "पास" झाली यातून फार काही कळत नाही, एवढ्या थोड्या आकड्यांत तिला दोष दिसण्याची ताकदच नसते. त्यापेक्षा आठ ठिपके कागदावर काढा. एखादा ठिपका बाकीच्यांना सोडून लांब जाऊन बसलाय का, ते डोळ्यांना लगेच दिसतं.

बसला असेल, किंवा डेटा मुळातच पायऱ्यांचा असेल, तर क्रमावर चालणाऱ्या टेस्ट आहेत: वेगळ्या गटांना मॅन-व्हिटनी, जोडीला विल्कॉक्सन साइन्ड-रँक. "डेटा कमी आहे ना, मग नॉन-पॅरामेट्रिक लाव" हा सल्ला वहीतही आहे आणि कॅन्टीनमध्येही मिळतो. तो कुठे तुटतो ते बघा. समजा पाच पेशंट आहेत, व्यायामाआधी आणि नंतरचं दुखणं विचारलं आणि पाचही जणांचं कमी झालं. याहून चांगला निकाल शक्यच नाही. व्यायामाचा काही परिणाम नसेल तर प्रत्येकाचं दुखणं वाढणं किंवा कमी होणं हा नाणेफेकीचा खेळ. पाच नाणी, ३२ प्रकार. सगळे छापे एक प्रकार, सगळे काटे एक प्रकार. म्हणजे पी कमीत कमी २/३२, ०.०६२५. पाच जोड्यांवर ही टेस्ट दोन्ही बाजूंनी लावली तर ०.०५ च्या खाली जाऊच शकत नाही, पेशंट उड्या मारत घरी गेले तरी. सहा जोड्यांवर २/६४, म्हणजे ०.०३१, तिथून पुढे शक्यता सुरू होते. पाच पेशंट घेऊन "फरक आढळला नाही" असं लिहिलेलं दिसलं, तर तो निकाल आधीच ठरलेला होता.

तीन किंवा जास्त गट असतील तर अनोव्हा, हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते विचारलं की शांतता. तीन गटांत तीन जोड्या होतात. प्रत्येक तुलनेत चुकून "फरक आहे" म्हणण्याची ५ टक्के मुभा. तीन वेळा घेतली की कुठेतरी एकदा चुकण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास जाते. अनोव्हा आधी एकच प्रश्न विचारते: कुठेही फरक आहे का? हो म्हणाली तर मगच आत जाऊन कुठे ते बघायचं.

आमच्या कागदाची एक बाजू शेवटी अशी झाली.

| काय लिहिलं | दोन वेगळे गट | तीच माणसं दोनदा | तीन किंवा जास्त गट |
|---|---|---|---|
| मोजमाप | वेल्चची टी-टेस्ट | पेअर्ड टी-टेस्ट | वन-वे अनोव्हा |
| पायऱ्या | मॅन-व्हिटनी | विल्कॉक्सन साइन्ड-रँक | क्रुस्काल-वॉलिस |
| कप्पे | काय-स्क्वेअर. अपेक्षित ५ खाली तर फिशर | मॅकनेमार | काय-स्क्वेअर |

शेवटच्या कॉलममधले गट वेगळ्या माणसांचे आहेत. वेल्च हे माझं मत. नेहमीची टी-टेस्ट दोन्ही गटांतला पसारा सारखा धरते, वेल्चची धरत नाही, आणि पसारा खरंच सारखा असेल तरी फारसं नुकसान होत नाही. सायपायमध्ये त्यासाठी `equal_var=False` लिहावं लागतं.

वहीत नसलेला प्रश्न

हा कागदाच्या मागच्या बाजूला आहे, पण विचारायचा सगळ्यात आधी: एक ओळ म्हणजे कोण? वरच्या तक्त्यातली प्रत्येक टेस्ट धरून चालते की ओळी (जोडीत असतील तर जोड्या) एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. दहा पेशंटचे वीस गुडघे म्हणजे वीस पेशंट नव्हेत.

याचं मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविका बाळंतिणीच्या घरी जात, तुलनेला ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. आता इथे बाळं शेकडो, पण "कोणाला सेवा मिळाली" हे ठरलं गावावर. एकाच गावातल्या बाळांना तेच पाणी, तोच रस्ता, तीच आरोग्यसेविका. अशा डेटात प्रत्येक बाळ स्वतंत्र ओळ धरून सरळ काय-स्क्वेअर लावली तर पी हवा त्यापेक्षा लहान दिसतो, कारण टेस्टला वाटतं की आपल्याकडे शेकडो साक्षीदार आहेत. खरे साक्षीदार ८६ गावं. अशा ठिकाणी गाव हे एकक धरून किंवा गावाचा हिशोब करणाऱ्या पद्धतीने विश्लेषण करावं लागतं, आणि ते आमच्या तक्त्यात नाही.

हाच प्रश्न घेऊन भायखळ्याला परत गेलं तर आपला सुंदर ०.०३३ थोडा डळमळतो. प्लेग पसरणारा रोग. एकाच कोठडीत झोपणारे कैदी स्वतंत्र चिठ्ठ्या कसे? शिवाय लस घ्यायला जे पुढे आले ते स्वतःहून आले, सोडत काढून नाही. ते आधीच जास्त धडधाकट असतील, किंवा वेगळ्या बराकीत असतील, ते फिशरला माहीत नाही. ती फक्त हंड्यातल्या चिठ्ठ्या मोजते.

बहिणीच्या प्रोजेक्टमध्ये २२ पेशंट होते, प्रत्येकाचे दोन्ही खांदे मोजलेले, आणि एक्सेलमध्ये ४४ ओळी. कागद हातात घेतल्यावर ती मागच्या बाजूच्या त्या एका ओळीपाशीच थांबली. मग दुखऱ्या आणि चांगल्या खांद्याचे दोन कॉलम केले, ओळी २२ झाल्या, आणि टेस्ट पेअर्ड टी ठरली. "किती दिवसांनी हात पूर्ण वर गेला" हा तिचा दुसरा प्रश्न मात्र या कागदात बसत नाही, कारण काही पेशंट मधेच यायचे बंद झाले आणि त्यांचा दिवस माहीतच नाही. तिथे आम्ही कागदावर एवढंच लिहिलंय: इथे थांबा, कॉलेजच्या स्टॅटिस्टिशियनला भेटा, आणि जाताना ओळ म्हणजे कोण ते सांगता येईल असं जा.